पगाराची स्लिप अरबीत नेताना

चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या मेंटेनन्स फिटरची सौदीतल्या दम्मामच्या कंपनीत निवड होते आणि तिकडून निरोप येतो, की मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा अरबी भाषांतरासह पाठवा. त्यावरून त्याची श्रेणी ठरणार असते. तो स्लिपा जेवणाच्या टेबलावर ठेवतो, फोनने फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर भाषांतरकाराला पाठवतो. कागद एका पानाचा, शब्द मोजून चाळीस-पन्नास, बाकी सगळे आकडे. अर्ध्या तासाचं काम, असं कुणालाही वाटेल.

पण त्या चाळीस शब्दांपैकी निम्म्यांच्या मागे एकेक भारतीय कायदा उभा आहे, आणि दम्मामच्या लेखापालाच्या डोक्यात त्याच जागी सौदीचे कायदे आहेत. शब्द जरा इकडचा तिकडे झाला, की तो कागद त्याच्या ओळखीच्या कायद्याने वाचतो आणि आपल्या फिटरबद्दल भलताच निष्कर्ष काढतो. म्हणून या भाषांतराची कसोटी सोपी आणि कडक आहे. अरबी वाचणाऱ्याने तीच बेरीज-वजाबाकी केली तर उत्तर तेच आलं पाहिजे, आणि जो नियम भारतात नाही तो त्याला त्या कागदात दिसता कामा नये.

उदाहरणासाठी २०२५ च्या फेब्रुवारीची एक स्लिप घेऊ. आकडे मी बसवलेले आहेत, पण अशा स्लिपा पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात रोज छापल्या जातात. मूळ पगार १६,२०० रुपये, महागाई भत्ता २,३५०, घरभाडे भत्ता ६,४८०, वाहन भत्ता १,६०० आणि विशेष भत्ता ३,१२०. एकूण २९,७५०. कपातीच्या रकान्यात पीएफ १,८००, ईएसआय शून्य, व्यवसाय कर ३००, कँटीन ३६४ आणि 'सोसायटी' २,७५०. एकूण कपात ५,२१४. हातात पडले २४,५३६. खाली बारीक अक्षरात मालकाचा पीएफ हिस्सा १,८००, आणि सर्वांत शेवटी, ही स्लिप संगणकावर तयार झाली असून सहीची गरज नाही, अशी ओळ.

शब्दांना हात लावण्याआधी फोटो तपासायचा. टेबलावरच्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी दोन ओळींवर पडली आहे असं धरू. घरभाडे भत्त्यातला दशकाचा आकडा गायब आहे, आणि विशेष भत्त्यातला पहिला आकडा इंग्रजी तीन आहे की आठ ते कळत नाही. इथे स्लिपच आपल्याला मदत करते. बाकीच्या तीन रकमांची बेरीज २०,१५० होते. एकूण २९,७५० आहेत, म्हणजे या दोन भत्त्यांचे मिळून ९,६०० असायला हवेत. विशेष भत्ता ८,१२० धरला तर घरभाड्याला १,४८० उरतात, पण तिथे सुरुवातीचे सहा आणि चार स्वच्छ दिसत आहेत. म्हणजे तो ३,१२० आणि घरभाडे ६,४८०. शिवाय ६,४८० हे मूळ पगाराचे बरोबर ४० टक्के, आणि घरभाडे भत्ता त्या प्रमाणात देण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. हिशेब बसला.

पण ही युक्ती दरवेळी चालत नाही. तिरीप दोन्ही रकमांच्या दशकाच्या आकड्यावर पडली असती तर बेरीज फक्त एवढंच सांगते, की त्या दोन आकड्यांचे मिळून दहा होतात. आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार, सगळेच बसतात. ४० टक्क्यांचा अंदाज आठाकडे बोट दाखवेल, पण अंदाज म्हणजे वाचन नव्हे. अशा वेळी नवा फोटो मागवायचा. तो मिळणारच नसेल तर त्या जागी 'गैर मक्रूअ' म्हणजे 'वाचता येत नाही' असं चौकटी कंसात लिहायचं, आणि हिशेबाने काय निघतं ते हवं तर तळटीपेत सांगायचं. रक्कम ओळखून थेट रकान्यात घालणारा भाषांतरकार कागदाचा साक्षीदार राहत नाही, लेखक होतो. पुढे कुणी मूळ स्लिप समोर ठेवली तर त्याला उत्तर देता येत नाही.

आता रकान्यांची नावं. 'अर्निंग्ज' या शब्दाला कोशात 'अरबाह' सापडतो, आणि तो घेतला की फिटर कंपनीचा भागीदार होतो, कारण 'अरबाह' म्हणजे नफा. पगाराच्या कागदावर तिकडे 'इस्तिहकाकात' लिहितात, म्हणजे ज्यांवर कामगाराचा हक्क झाला त्या रकमा. कपातीला 'इस्तिक्ताआत' हा शब्द सर्वांत निर्मळ. 'खुसूमात' आणि 'हस्मियात' हेही वापरात आहेत, पण त्यांना शिक्षेच्या कपातीचा वास येऊ शकतो: उशिरा आला म्हणून कापले, गैरहजर राहिला म्हणून कापले. पीएफ आणि कर त्या शीर्षकाखाली गेले, तर वाचणाऱ्याला हा माणूस बेशिस्त आहे की काय अशी शंका यायची. एकूणाला 'इज्माली' आणि हातात येणाऱ्या पगाराला 'साफी', यांत वाद नाही.

मूळ पगार म्हणजे 'अर-रातिब अल-असासी'. घरभाडे भत्ता म्हणजे 'बदल सकन', आणि हा जोड फार चांगला जुळतो, कारण सौदीच्या पगारातही मूळ पगार, घर आणि वाहतूक हे तीन ठरलेले तुकडे असतात. वाहन भत्ता 'बदल नक्ल'. इथे मात्र कोशाकडे गेलात तर 'कन्व्हेयन्स'चा वकिली अर्थ समोर येतो, मालमत्तेचं हस्तांतर. कामगाराच्या स्लिपवर महिन्याला सोळाशे रुपयांची मालमत्ता हस्तांतरित झालेली मी पाहिली आहे.

महागाई भत्त्याला सौदीच्या खासगी क्षेत्रात नेहमीचा जोडीदार नाही. इजिप्तमध्ये आणि काही सरकारी वेतनश्रेणींत 'गलाअ अल-मईशा' म्हणजे जगण्याच्या महागाईसाठी दिलेली रक्कम असते, म्हणून 'बदल गलाअ अल-मईशा' लिहिलं तर अर्थ पोचतो. एक गोष्ट मात्र पोचत नाही. आपल्याकडे हा भत्ता महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला असतो आणि पीएफ मोजताना मूळ पगारात धरला जातो. घरभाडे भत्ता धरला जात नाही. सौदीत याच्या बरोबर उलट आहे: तिकडची सामाजिक विमा वर्गणी मूळ पगार अधिक घरभत्ता यांवर मोजतात. दम्मामचा लेखापाल पीएफचा दर पडताळायला बसला, तर सवयीने चुकीच्या दोन रकमांची बेरीज करणार.

विशेष भत्ता हे आणखी एक कोडं. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये 'विशेष भत्ता' या नावाने येतो तो प्रत्यक्षात महागाई भत्ताच, दर सहा महिन्यांनी बदलणारा. उलट बहुतेक कंपन्यांच्या स्लिपवर तेच नाव उरलेल्या रकमेला दिलेलं असतं: ठरलेल्या एकूण पगारातून बाकी सगळं वजा केल्यावर जे राहतं ते. आपल्या स्लिपमध्ये महागाई भत्ता वेगळा आहे, म्हणून विशेष भत्ता दुसऱ्या प्रकारचा असावा. तरीही भाषांतरात फक्त 'बदल खास' लिहायचं. कागदावर नसलेलं स्पष्टीकरण रकान्याच्या नावात कोंबायचा मोह भाषांतरकाराला नेहमी होतो, आणि आपल्याला उत्तर ठाऊक असतं तेव्हा तर जास्तच होतो.

मग येतो पीएफ. सगळं भाषांतर याच ओळीवर तोललेलं असतं.

समोर चार अरबी शब्द उभे राहतात. पहिला 'अत-तअमीनात अल-इज्तिमाइय्या', सामाजिक विमा. सौदीत या नावाची मोठी सरकारी संस्था आहे आणि पगारातून काय कापलं म्हटलं की लेखापालाला तीच आठवते. पण ती विमा योजना आहे. तिथे वर्गणी सामायिक गंगाजळीत जाते आणि नियमानुसार निवृत्तिवेतन मिळतं. परदेशी कामगाराच्या पगारातून तर त्यासाठी काहीच कापत नाहीत. मालक कामावरच्या अपघातांच्या विम्यासाठी दोन टक्के भरतो, तेवढंच. दुसरा शब्द 'मुकाफअत निहायत अल-खिदमा', नोकरी संपताना मिळणारं बक्षीस. आखातात काम केलेला प्रत्येक मराठी माणूस हे शब्द ओळखतो. पण ती रक्कम पूर्णपणे मालकाची. सौदीत पहिली पाच वर्षं दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा. तिचं आपल्याकडचं भावंड ग्रॅच्युइटी, पीएफ नव्हे. तिसरा 'तकाउद', निवृत्ती किंवा निवृत्तिवेतन. चौथा 'सुंदूक अल-इद्दिखार', बचतीचा निधी.

पीएफमध्ये काय घडतं ते बघितलं की निवड आपोआप होते. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम त्याच्याच नावाच्या खात्यात जाते, तिच्यावर दरवर्षी जाहीर केलेलं व्याज मिळतं, २०२४-२५ साठी ते सव्वाआठ टक्के होतं, आणि शेवटी जमलेली रक्कम त्याला मिळते. म्हणजे हे बचतीचं खातं आहे. म्हणून 'सुंदूक इद्दिखार अल-मुवज्जफीन', कर्मचाऱ्यांचा बचत निधी. मलेशियात अशीच सक्तीची योजना आहे आणि अरबी बातम्यांत तिचा उल्लेख याच शब्दांनी होतो, त्यामुळे अर्थविषयक वाचन असलेल्या अरबाला तो परका वाटत नाही.

पण एवढ्याने काम भागत नाही. सौदीतल्या काही मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक बचत योजना चालवतात आणि त्यांचंही नाव 'इद्दिखार'च. नुसता 'सुंदूक अल-इद्दिखार' वाचून लेखापाल म्हणेल, हे तर याने हौसेने बाजूला टाकलेले पैसे, मग पगार तेवढा जास्तच समजायचा. म्हणून 'अल-इल्झामी' म्हणजे सक्तीचा, हा शब्द जोडायचा आणि तळटीपेत १९५२ च्या भारतीय कायद्याचा उल्लेख करायचा. रकमेच्या आधी 'इश्तिराक अल-मुवज्जफ', कर्मचाऱ्याची वर्गणी. पीएफ या अद्याक्षरांना अरबीत अर्थ नाही, पण मूळ कागदावरची इंग्रजी अक्षरं कंसात ठेवावीत, कारण पुढे कुणी मूळ स्लिप आणि भाषांतर शेजारी ठेवून ओळी जुळवणार असतो.

आता दराचा प्रश्न. पीएफचा दर १२ टक्के हे सर्वांना ठाऊक. मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,५५०. त्याचे १२ टक्के २,२२६ होतात. स्लिपवर मात्र १,८०० आहेत. चूक कुणाचीच नाही. २०१४ च्या सप्टेंबरपासून कायद्यातली वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे, आणि पगार त्याहून जास्त असला तरी वर्गणी १५,००० वरच मोजण्याची मुभा कंपनीला आहे. पंधरा हजारांचे १२ टक्के म्हणजे १,८००. भारतातल्या लाखो स्लिपांवर हा १,८०० चा आकडा असा शिक्क्यासारखा बसलेला दिसतो.

दम्मामला हे कोण सांगणार? बरोबर दोन रकमा धरल्या तरी तिथला माणूस १,८०० ला १८,५५० ने भागेल आणि त्याला ९.७ टक्के दिसतील. २०२५ च्या फेब्रुवारीत सौदी नागरिकाच्या पगारातून सामाजिक विमा आणि बेरोजगारी विमा मिळून ९.७५ टक्के कापले जात होते. हा निव्वळ योगायोग, पण किती घातक! भाषांतरात चुकून 'तअमीनात' हा शब्द गेला असेल, तर हा योगायोग त्या चुकीवर खरेपणाचा शिक्का मारतो. यासाठी एकच तळटीप पुरते: वर्गणी १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर १२ टक्के दराने मोजली आहे. अर्थात ही तळटीप भाषांतरकाराची आहे, स्लिपची नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

मालकाच्या १,८०० रुपयांची गोष्ट वेगळी. ही रक्कम पगारातून कापलेली नसते. मालक ती वरून भरतो आणि तिचेही दोन भाग होतात: ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ५५० कामगाराच्या पीएफ खात्यात. काही स्लिपांवर हे दोन भाग वेगळे छापतात. तसं असेल तर ५५० च्या ओळीला पुन्हा 'इद्दिखार' आणि १,२५० च्या ओळीला 'तकाउद', कारण या भागातून पुढे खरोखरच निवृत्तिवेतन मिळतं. 'तकाउद'ऐवजी 'मआश' लिहिणारेही आहेत, आणि कैरोसाठी ते अगदी बरोबर आहे; इजिप्तमध्ये 'मआश' म्हणजे पेन्शन. पण आखाती बोलीत 'मआश' म्हणजे चालू महिन्याचा पगार. पगाराच्या स्लिपवरच पगार आणि पेन्शन एकमेकांच्या जागी जाणार असतील तर तो शब्द न वापरलेला बरा. कागद कोणत्या देशात वाचला जाणार हे विचारल्याशिवाय शब्द ठरवू नयेत, हे इथे नीट पटतं.

मालकाचा हिस्सा कुठे छापायचा याचीही काळजी घ्यावी लागते. जागा वाचवायला तो कपातीच्या रकान्यात टाकला, तर अरबी बेरीज ७,०१४ होते आणि हातात येणारा पगार १,८०० ने चुकलेला दिसतो. मूळ स्लिपमध्ये तो खाली वेगळ्या चौकटीत आहे. भाषांतरातही तिथेच, 'मुसाहमत साहिब अल-अमल' म्हणजे मालकाचं योगदान या शीर्षकाखाली.

ईएसआयच्या ओळीत शून्य आहे म्हणून ती गाळू नये. एकूण पगार २१,००० च्या वर असल्याने ही योजना त्याला लागू नाही, म्हणून शून्य. रक्कम असती तर ती पगाराच्या पाऊण टक्का असती, पुढच्या पूर्ण रुपयापर्यंत वाढवलेली. तिचं 'तअमीन सिह्ही' म्हणजे आरोग्य विमा असं भाषांतर सर्रास होतं, पण ही योजना आजारपणातली मजुरी, बाळंतपण आणि कामावर आलेलं अपंगत्व हेही सांभाळते. 'अत-तअमीन अल-हुकूमी लिल-आमिलीन', कामगारांचा सरकारी विमा, हे जास्त प्रामाणिक.

व्यवसाय कराची गंमत तीन स्लिपा शेजारी ठेवल्यावर कळते. जानेवारीत २००, फेब्रुवारीत ३००, मार्चमध्ये पुन्हा २००. परक्या देशातल्या लेखापालाला हे पाहून पहिल्यांदा खाडाखोडच सुचणार, त्यातून फोटो अस्पष्ट. कारण साधं आहे. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि महाराष्ट्राने ती अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अशी वाटून घेतली आहे. नावाचाही धोका आहेच. 'दरीबा मिहनिय्या' असा शब्दाला शब्द ठेवला, तर हा माणूस नोकरीशिवाय स्वतंत्र व्यवसायही करतो असं वाटू शकतं, कारण अरब देशांत त्या धर्तीचे कर डॉक्टर-वकिलांवर किंवा धंद्यांवर असतात. नोकरदाराने नोकरी करतो म्हणून राज्याला द्यायचा कर ही कल्पनाच त्यांना नवी. 'दरीबत अल-मिहन अल-विलाइय्या', महाराष्ट्र राज्याचा, असं लिहून फेब्रुवारीची टीप जोडली की शंका मिटते. आयकर कापला गेला असता तर त्याला 'दरीबत अद-दख्ल' म्हणून 'उगमस्थानी कापलेला' असं पुढे लिहिलं असतं. 'दरीबत अल-इस्तिक्ताअ' हे आटोपशीर नाव टाळायचं, कारण सौदीत तो अनिवासींना दिलेल्या रकमांवरचा वेगळाच कर आहे.

राहिली 'सोसायटी'. इंग्रजी न कळणाऱ्यालाही आपल्याकडे ठाऊक असतं, की स्लिपवरची सोसायटी म्हणजे कामगारांची पतपेढी आणि ही रक्कम म्हणजे कर्जाचा हप्ता. कोशातला 'मुज्तमअ' म्हणजे समाज. समाजाला दरमहा पावणेतीन हजार! त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'जमइय्या', पण तो एकटा सोडला तर इजिप्त आणि आखात दोन्हीकडे लोक त्याला आपली भिशी समजतात. 'किस्त कर्द अल-जमइय्या अत-तआवुनिय्या', सहकारी संस्थेच्या कर्जाचा हप्ता, असं पूर्ण लिहावं. मात्र तो कर्जाचाच हप्ता आहे की भागभांडवलाची वर्गणी, हे कामगाराला विचारून घ्यायचं. स्लिपवर ते नसतं, आणि त्याने सांगितलं नाही तर 'किस्त कर्द' हे दोन शब्द काढून टाकायचे.

आकडे भाषांतर करावे लागत नाहीत असं वाटतं, पण सर्वांत महाग चुका तिथेच होतात. आपली स्लिप इंग्रजी आकड्यांत आहे, आणि आखातातल्या कचेऱ्यांत तेच आकडे सर्रास चालतात, म्हणून ते जसेच्या तसे ठेवणं उत्तम. ज्यांना अरबी आकडेच हवे असतील त्यांच्यासाठी एक खुबी लक्षात ठेवावी: अरबी पाच हा लहानसा गोल असतो, थेट आपल्या शून्यासारखा, आणि अरबी शून्य हा नुसता ठिपका. साखर कारखान्याची किंवा पतसंस्थेची स्लिप मराठी आकड्यांत असेल आणि टाइप करणारा दोन्ही लिप्यांत वावरणारा असेल, तर ही गफलत डोळ्यांना दिसतही नाही. बेरीज करून पाहिली तरच सापडते.

स्वल्पविरामाचाही असाच सापळा आहे. कुवेत, बहारीन आणि ओमानच्या चलनात एका दिनाराचे किंवा रियालाचे हजार भाग असतात, त्यामुळे तिथे दशांशचिन्हानंतर तीन आकडे लिहायची सवय आहे. अरबी लिखाणात दशांशाची खूण स्वल्पविरामासारखीच दिसते. म्हणजे आपले २९,७५० तिथल्या डोळ्याला एकोणतीस दिनार आणि साडेसातशे फिल्स असे दिसू शकतात. दम्मामला हा धोका कमी, कुवेतला बराच. उपाय दोन. पहिला, प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर 'रुबिया हिंदिय्या' लिहायचं. नुसतं 'रुबिया' नको, कारण रुपये अनेक देशांचे आहेत. (जुन्या आखाताला मात्र रुबिया म्हटलं की आपलाच रुपया आठवायचा. १९५९ मध्ये भारताने तिथल्या वापरासाठी वेगळा 'गल्फ रुपी' काढला होता, आणि १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणेपर्यंत कुवेतमध्ये तो चालत होता.) दुसरा उपाय, हातात आलेली रक्कम अक्षरी लिहायची. अरबीत याला 'तफकीत' म्हणतात, शेवटी 'फकत' लिहिण्यावरून पडलेलं नाव. आपण चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहितो ते तेच.

शेवटी मांडणी. अरबी पान उजवीकडून सुरू होतं, म्हणून डावीकडचा उत्पन्नाचा रकाना उजवीकडे आणि कपातीचा डावीकडे जातो. शीर्षकं हलवली आणि रकमा जुन्या जागी राहिल्या, असा प्रकार टंकलेखनात होतो. तेव्हा 'बदल सकन'समोर व्यवसाय कराचे ३०० येतात. आकडे मात्र अरबीतही डावीकडूनच वाचतात, आणि संगणक त्यांची दिशा सांभाळतो. पण आडवी रेघ मध्ये आली की तो चुकतो. '१२-०४५७' हा कर्मचारी क्रमांक अरबी शब्दाच्या पाठोपाठ टाइप केला, तर पडद्यावर '०४५७-१२' उमटतो. तिरपी रेघ असलेल्या तारखेला तसं होत नाही. म्हणून असे क्रमांक वेगळ्या चौकटीत, दिशा डावीकडून ठरवून टाकायचे, किंवा आकड्यांच्या दोन्ही बाजूंना `U+200E` ही न दिसणारी खूण घालायची. बारा आकड्यांचा पीएफचा यूएएन क्रमांक सलग असतो, तो सुरक्षित राहतो. आणि पीडीएफ केल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारण लिहिताना सरळ असलेली ओळ तिथे उलटलेली सापडू शकते.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरून घ्यायचं आणि व्हिसाच्या कागदावर त्याचं अरबी रूप आधीच आलं असेल तर तेच ठेवायचं, आपल्याला दुसरं बरोबर वाटलं तरी. अरबीत प आणि च नाहीत, त्यामुळे पुण्याचं 'बूना' होतं आणि चाकणचं 'तशाकन'. हे ठीक आहे, पण तिन्ही महिन्यांच्या स्लिपांत एकसारखं असलं पाहिजे.

भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रात 'छायाचित्रावरून केलेलं भाषांतर, मूळ कागद पाहिलेला नाही' हे वाक्य हवंच. इथे अरबी थोडी दगा देते, कारण 'सूरा' म्हणजे फोटोही आणि झेरॉक्सही. 'सूरा फुतुग्राफिय्या', फोनने काढलेलं चित्र, असं लांबण लावून लिहावं. संगणकावर तयार झालेल्या स्लिपला सहीची गरज नाही, ही तळाची ओळही न गाळता भाषांतरित करायची. अरब कचेऱ्यांत कागदावर शिक्का शोधला जातो, आणि तो का नाही याचं उत्तर कंपनीनेच त्या ओळीत दिलेलं असतं. ते उत्तर सगळीकडे चालत नाही. दम्मामहून शिक्क्याची मागणी आली, तर फिटरला कारखान्याच्या एचआर विभागात जाऊन तिन्ही स्लिपांवर शिक्का आणि सही घ्यावी लागते. ते कागद हातात आले की फोटोवरच्या भाषांतराची प्रत्येक रक्कम मुळाशी पुन्हा ताडून पाहायची, शिक्क्यातला मजकूर 'खत्म' असं लिहून चौकटी कंसात भाषांतरित करायचा, आणि प्रमाणपत्रातलं वाक्य बदलायचं: मूळ कागदावरून केलेलं भाषांतर.